ईआरपी सोडताना हाती काय लागतं?

खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, पगार आणि हिशेब एकाच सॉफ्टवेअरवर चालवण्याच्या व्यवस्थेला ईआरपी म्हणतात. ती निवडताना महिनोन्महिने चर्चा होते. ती सोडायची वेळ आली तर काय, हा विषय मात्र करारावर सही होईपर्यंत फारसा कुणी काढत नाही. अडकणं तिथूनच सुरू होतं.

समजा, चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी क्लाउडवरची ईआरपी भाड्याने वापरते आहे. भाडं वाढत गेलं, तक्रारींना उत्तरं मिळेनाशी झाली, म्हणून दुसरीकडे जायचं ठरलं. करार ३१ मार्चला संपतो. आर्थिक वर्षही त्याच दिवशी संपतं, त्यामुळे तारीख सोयीची वाटते. पण करारात लिहिलेलं असतं, की मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही तर करार आपोआप पुढच्या मुदतीसाठी वाढेल. म्हणजे नोटिशीची शेवटची तारीख ३१ डिसेंबर. फेब्रुवारीत पत्र पाठवणाऱ्याला पुढच्या पूर्ण मुदतीचं भाडं भरावं लागू शकतं.

नोटीस वेळेवर गेली तरी ३१ मार्च ही तारीख फसवी आहे. वैधानिक लेखापरीक्षण त्यानंतरच्या महिन्यांत होतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा एरवी ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. लेखापरीक्षक जुलैमध्ये एखादं व्हाउचर उघडून दाखवा म्हणतील, तेव्हा जुन्या प्रणालीचं लॉगिन बंद झालेलं असेल, कारण अनेक करारांत डेटा काढून घ्यायला जेमतेम ३० दिवस मिळतात. म्हणून नोंदी फक्त पाहता येतील असा प्रवेश निदान ऑक्टोबरपर्यंत आणि ठरलेल्या दरात मिळेल, हे करारातच लिहून घ्यायला हवं.

आता मूळ मुद्दा डेटाचा. ‘डेटा तुमचाच आहे, हवा तेव्हा घ्या’ हे विक्रेत्याचं म्हणणं खरं असतं, पण अपुरं. बाहेर पडताना ग्राहकांची यादी, मालाची यादी आणि व्यवहारांची यादी अशा एक्सेलच्या फाइली हातात येतात. त्यांच्यातले दुवे तुटलेले असू शकतात. एका ग्राहकाने दहा बिलांपोटी तीन धनादेश दिले असतील, तर कुठल्या धनादेशातून कुठलं बिल फिटलं ही जुळणी यादीत येतेच असं नाही. बिलांना जोडलेल्या पीडीएफ, भागांची ड्रॉइंग, स्वतःसाठी करून घेतलेले खास रकाने आणि कुणी कधी काय बदललं याची नोंद, हेही मागे राहू शकतं.

शेवटची नोंद तर कायद्यानेच आवश्यक आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, बंद न करता येणारी नोंद असावी लागते आणि कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. विक्रेता बदलला म्हणून ही जबाबदारी संपत नाही.

डेटा खरोखर पूर्ण आहे का, हे तपासायचा एक खात्रीचा मार्ग आहे. संपूर्ण निर्यात मागवायची, ती कोऱ्या डेटाबेसमध्ये भरायची आणि तिच्यावरून तेरीज व बिलवार येणं-देणं नव्याने तयार करायचं. मग जुन्या प्रणालीतल्या त्याच तारखेच्या अहवालांशी पडताळायचं. एकूण रक्कम जुळली पण बिलवार येणं जुळलं नाही, तर दुवे गेले असं समजावं. ही चाचणी सहीपूर्वी नमुना डेटावर आणि पुढे दरवर्षी खऱ्या डेटावर करण्याचा हक्क करारात असावा. माझ्या मते सगळ्या कलमांत हे कलम अधिक मोलाचं आहे, कारण त्यामुळे उणीव वेळेत कळते.

स्थलांतराच्या मदतीचंही तसंच. प्रणाली उभी करणारी भागीदार कंपनी आणि सॉफ्टवेअरची मालक कंपनी अनेकदा वेगळ्या असतात. टेबलांची रचना आणि खास लिहून घेतलेले प्रोग्रॅम भागीदाराकडेच राहिले, तर नव्या माणसांना अंदाजाने काम करावं लागतं. म्हणून ही कागदपत्रं आणि खास प्रोग्रॅमचा मूळ कोड काम चालू असतानाच ताब्यात घ्यावा. निघताना लागणाऱ्या मदतीचा दररोजचा दरही आधीच ठरवावा. नोटीस दिल्यावर ठरणाऱ्या दरात घासाघीस करायला फारसा वाव नसतो.

युरोपीय संघात १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या डेटा कायद्याने क्लाउड सेवा बदलण्याचा हक्क ग्राहकांना दिला आहे. तिथे नोटीस दोन महिन्यांहून जास्त मागता येत नाही आणि सेवा बदलण्याचं शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून पूर्ण बंद होणार आहे. भारतातल्या कंपनीला असा आधार करारातूनच मिळवावा लागतो.

चाकणच्या कंपनीने आणखी दोन वाक्यं त्यात घालायला हवीत. बिलाच्या रकमेवरून वाद चालू असला तरी डेटा अडवून ठेवता येणार नाही, हे एक. नव्या प्रणालीत पडताळणी पूर्ण झाल्याचं कंपनीने लेखी कळवल्याखेरीज जुना डेटा पुसला जाणार नाही, हे दुसरं.