ताकीदपत्र: तारखा, झालेले बोलणे आणि पुढची अपेक्षा

‘आपण वारंवार कामावर उशिरा येता, हे आमच्या निदर्शनास आले आहे. आपले वर्तन बेजबाबदारपणाचे असून यापुढे असे घडल्यास आपणास कामावरून काढून टाकण्यात येईल.’ अशा दोन वाक्यांचे ताकीदपत्र महाराष्ट्रातल्या असंख्य कारखान्यांच्या आणि कार्यालयांच्या फायलींत सापडते. त्यात किती वेळा ते नाही, कोणत्या दिवशी ते नाही, आधी कोणी काही विचारले होते का तेही नाही. आहे तो फक्त राग आणि धमकी. पत्र घेणारा दुखावतो, देणाऱ्याला कारवाई केल्याचे समाधान मिळते आणि आठ दिवसांत दोघेही पूर्ववत होतात.

ताकीदपत्राचे वाचक तीन असतात, हे असे पत्र लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पहिला वाचक तो कामगार. दुसरा, उद्या त्याच खुर्चीवर येणारा नवा अधिकारी. तिसरा वाचक कदाचित दोन-तीन वर्षांनी येईल: खातेनिहाय चौकशीचा अधिकारी, समेट अधिकारी किंवा कामगार न्यायालयाचे न्यायाधीश. या तिसऱ्या माणसाने ना तो कामगार पाहिलेला असतो, ना त्याचा सुपरवायझर. त्याच्यासमोर फक्त कागद असतो. म्हणून लिहिणारा हजर नसतानाही ज्याचा अर्थ लागेल, असा कागद लिहावा लागतो.

एक काल्पनिक, पण रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. भोसरीच्या एमआयडीसीतला वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. पहिली पाळी सकाळी 7 ते दुपारी 3:30. दहा मिनिटांची सवलत, म्हणजे 7:10 नंतर थंब लावला की उशिराची नोंद. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. सीएनसी मशीनवरचा एक ऑपरेटर, सहा वर्षांची नोकरी, कामात चोख. जुलैमध्ये कामाचे 26 दिवस होते आणि हजेरीच्या यंत्राने त्याच्या नावावर आठ उशीर दाखवले.

पत्र लिहायला बसण्याआधीचे काम इथे सुरू होते. हे आठ उशीर एकेक करून तपासायचे. यंत्राची वेळ बरोबर आहे का? अंगठा पहिल्या वेळी उमटला नाही म्हणून नोंद उशिराची पडली का? त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा किंवा बाहेरचे काम होते का? या तपासणीत 11 जुलैची 8:05 ची नोंद गळून पडली. त्या दिवशी कंपनीची बसच वाटेत अडकली होती आणि त्या बसमधले सगळेच उशिरा पोहोचले होते. ही एक तारीख पत्रात राहिली असती, तर कामगाराने तीच धरली असती आणि ते रास्तच ठरले असते. एक चुकीची नोंद बाकीच्या सात खऱ्या नोंदींवरचा विश्वास उडवते. शंका असलेली तारीख सरळ वगळावी, सात पुरेशा आहेत.

दुसरी तपासणी अधिक अवघड असते, कारण तिच्यात आरसा पाहावा लागतो. त्याच विभागात आणखी कोणी इतक्याच वेळा उशिरा येते का आणि त्याला काही विचारले गेले का? शेजारच्या मशीनवरचा माणूस महिन्यात नऊ वेळा उशिरा येत असेल आणि पत्र एकालाच मिळत असेल, तर विषय शिस्तीचा राहत नाही, भेदभावाचा होतो. तसेच वर्षभर सगळ्यांनी चालवून घेतलेली गोष्ट एके सकाळी अचानक गुन्हा ठरवली, तरी ती टिकत नाही. आधी नियम सर्वांना पुन्हा सांगावा लागतो, सूचना फलकावर लावावा लागतो.

आता पत्राचा मजकूर. या ऑपरेटरला 1 ऑगस्टला दिलेले पत्र साधारण असे असेल:

‘विषय: कामावर वारंवार उशिरा येण्याबाबत ताकीद.

आपली पाळी सकाळी 7 वाजता सुरू होते. हजेरीच्या नोंदीनुसार जुलै महिन्यात आपण पुढील दिवशी उशिरा आलात: 2 जुलै 7:22, 5 जुलै 7:35, 8 जुलै 7:18, 14 जुलै 7:41, 19 जुलै 7:26, 23 जुलै 7:30, 28 जुलै 7:38. एकूण सात दिवस, 210 मिनिटे. यापैकी 14 आणि 28 जुलै रोजी आपण मशीनचा ताबा घेईपर्यंत रात्रपाळीच्या ऑपरेटरला थांबावे लागले.

याबाबत 9 जुलै रोजी आपल्या सुपरवायझरने आपल्याशी बोलणे केले. घराजवळून सुटणारी कंपनीची बस चुकते, असे आपण सांगितले. बसचा थांबा व वेळ आपणास पुन्हा समजावून देण्यात आली. 20 जुलै रोजी मनुष्यबळ विभागात पुन्हा चर्चा झाली. आईच्या आजारपणामुळे सकाळी निघण्यास उशीर होतो, असे आपण सांगितले. दोन महिन्यांसाठी दुसरी पाळी देण्याची तयारी विभागाने दाखवली, आपण पहिल्या पाळीतच राहण्याची इच्छा व्यक्त केली. त्यानंतर 23 व 28 जुलै रोजी आपण पुन्हा उशिरा आलात.

आपण रोज सकाळी 7 वाजता मशीनवर हजर असावे, अशी अपेक्षा आहे. अपरिहार्य कारणाने उशीर होणार असल्यास 6:30 पूर्वी सुपरवायझरला फोनवर कळवावे. 1 सप्टेंबर रोजी आपल्याबरोबर बसून आढावा घेतला जाईल. दुसरी पाळी घेण्याचा पर्याय अजूनही खुला आहे. सुधारणा न झाल्यास लागू असलेल्या स्थायी आदेशांनुसार पुढील कारवाईचा विचार केला जाईल. आपणास काही सांगायचे असल्यास तीन दिवसांत लेखी द्यावे.’

या पत्रात एकही विशेषण नाही. ‘बेजबाबदार’, ‘बेफिकीर’, ‘नेहमीच’ हे शब्द नाहीत, कारण त्यांच्यावर वाद घालता येतो. 28 जुलैच्या 7:38 वर वाद घालता येत नाही. झालेला त्रासही मोघम सांगितलेला नाही. ‘उत्पादनाचे नुकसान झाले’ म्हणण्यापेक्षा रात्रभर उभे राहून काम केलेल्या एका माणसाला घरी जाता आले नाही, ही गोष्ट कामगाराला लगेच समजते. मात्र पाळीच्या नोंदवहीत तशी नोंद असेल तरच ती लिहावी.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते मधल्या परिच्छेदाकडे. बहुतेक पत्रांत ‘आपणास वेळोवेळी तोंडी समज देण्यात आली’ एवढेच असते. ती समज कोणी दिली, कधी दिली आणि त्यावर माणूस काय म्हणाला, हे कोणालाच आठवत नाही. उपाय साधा आहे. बोलणे झाले त्याच दिवशी सुपरवायझरने डायरीत तारीख घालून तीन-चार ओळी लिहाव्यात. पत्र देण्याची वेळ आल्यावर मागच्या तारखा घालून नोंदी तयार करणे हा अप्रामाणिकपणा आहे, आणि उलटतपासणीत तो उघडा पडतो. या नोंदीत कामगाराचे म्हणणे त्याच्याच बाजूने उतरले पाहिजे. आईचे आजारपण पत्रातून वगळले असते, तर पत्र खोटे ठरले नसते, पण अन्यायाचे ठरले असते. ते लिहिल्यामुळे कंपनीने काय देऊ केले हेही लिहिता आले.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या केंद्राच्या आदर्श स्थायी आदेशांत सवयीने उशिरा येणे हे गैरवर्तनांच्या यादीत होते. सवय एका सकाळीवरून सिद्ध होत नाही, म्हणून तारखांची मालिका लागते. पगाराबाबत 1936 चा वेतन कायदा जे तत्त्व सांगत होता, तेच नंतरची 2019 ची वेतन संहिता सांगते: गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणापेक्षा जास्त असता कामा नये. आपल्या उदाहरणात ती जास्तीत जास्त साडेतीन तासांची होईल. या कायद्यांच्या कक्षेतल्या कामगाराचा बावीस मिनिटांसाठी अर्ध्या दिवसाचा पगार कापणे या तत्त्वात बसत नाही.

महाराष्ट्राने 1971 साली केलेल्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्यातही एक महत्त्वाचे कलम आहे. किरकोळ स्वरूपाच्या गैरवर्तनासाठी, पूर्वीची सेवा लक्षात न घेता, धक्कादायक वाटावे इतक्या अप्रमाणात कामावरून काढणे ही त्यात अनुचित प्रथा मानली आहे. म्हणजे मागची कागदपत्रे दोन्ही बाजूंनी बोलतात. सहा वर्षांची स्वच्छ सेवाही फायलीत असते.

म्हैसूर राज्य विरुद्ध मंचे गौडा या 1963 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकराच्या संदर्भात सांगितले, की मागच्या वर्तनाचा आधार घेऊन शिक्षा वाढवायची असेल तर ते त्याला नोटिशीत आधी कळवले पाहिजे. गुपचूप फायलीत लावलेली ताकीद म्हणूनच कुचकामी असते. कामगाराच्या हाती पडले, त्याला समजेल अशा भाषेत होते आणि ज्यावर त्याला उत्तर देता आले, तेच पत्र पुढे वापरता येते. ते शिक्षेला पर्यायही नाही. बडतर्फीपर्यंत जायचे तर आरोपपत्र आणि चौकशी लागतेच, म्हणून ‘काढून टाकू’ असे आधीच लिहिणारा स्वतःचा निर्णय चौकशीपूर्वीच जाहीर करून बसतो.

पत्र देताना दोन प्रती कराव्यात आणि एकीवर तारखेसह सही घ्यावी. कामगाराने नकार दिला, तर चढ्या आवाजात वाद न घालता दोन साक्षीदारांसमोर तशी नोंद करावी आणि पत्र घरच्या पत्त्यावर टपालाने पाठवावे.

पत्र घेणाऱ्यांनीही काही गोष्टी जाणून घ्याव्यात. पोच म्हणून केलेली सही ही कबुली नसते. ‘पत्र मिळाले, मजकूर मान्य नाही’ असे लिहूनही सही करता येते. पत्र नाकारून काहीच साधत नाही, उलट उत्तर देण्याची संधी जाते. उत्तर थोडक्यात आणि तारखांना तारखांनी द्यावे: कोणती नोंद चुकीची आहे, कोणत्या दिवशी कोणाला फोन केला होता, दवाखान्याचा कागद कोणता आहे. सात तारखांपैकी पाच खऱ्या असतील तर त्या मान्य कराव्यात, म्हणजे उरलेल्या दोन ऐकल्या जातात. उत्तराची पोच घ्यायला विसरू नये.

आता उरतो 1 सप्टेंबरचा आढावा. बहुतेक ठिकाणी तो होतच नाही. पत्र फायलीत जाते, माणूस वेळेवर येऊ लागतो आणि कोणी काही बोलत नाही. तीन वर्षांनी दुसऱ्याच कारणाने ती फाईल उघडली, की जुलैचे सात उशीर तेवढे दिसतात. हे थांबवणे व्यवस्थापकांच्या हातात आहे. ठरलेल्या दिवशी त्या ऑपरेटरला बोलवावे, ऑगस्टची हजेरी त्याच्यासमोर ठेवावी, आणि तो वेळेवर आला असेल तर तसे चार ओळींचे पत्र त्याला द्यावे. त्याची प्रत ताकीदपत्राला टाचून त्याच फायलीत लावावी.