बीज एका दिवसाचे, शुक्राणू पाच दिवसांचे

‘पाळी येऊन जेमतेम आठवडा झाला होता, मग दिवस गेलेच कसे?’ हा प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञांना नवा नाही. त्याच्या उलट तक्रारही त्यांच्या कानांवर येते. ‘दर महिन्याला चौदावा दिवस पाळतो, तरी काही होत नाही.’ पहिल्या जोडप्याला मूल एवढ्यात नको असते, दुसऱ्याला हवे असते. दोघांचा हिशेब मात्र एकाच ठिकाणी चुकतो. शुक्राणू आणि स्त्रीबीज यांचे आयुष्य सारखे नसते, ही गोष्ट त्यात धरलेली नसते. स्त्रीच्या शरीरात अनुकूल परिस्थिती मिळाली तर शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. स्त्रीबीज मात्र अंडाशयातून सुटल्यावर फार तर १२ ते २४ तास फलनयोग्य राहते.

आधी शुक्राणूंचे पाहू. ते पाच दिवस जगतात हे खरे असले, तरी कुठे जगतात याला फार महत्त्व आहे. योनिमार्ग आम्लधर्मी असतो. या आम्लामुळे जंतूंपासून संरक्षण मिळते, पण तेच शुक्राणूंना मारक ठरते. वीर्य किंचित अल्कधर्मी असल्याने सुरुवातीचा थोडा वेळ त्यांचा बचाव होतो. तेवढ्यात जे गर्भाशयमुखातल्या स्रावात शिरले ते वाचले. मागे राहिलेले काही तासांतच मरतात. एका वेळच्या वीर्यात कोट्यवधी शुक्राणू असतात, पण गर्भनलिकेपर्यंत पोहोचतात ते काही शेकडाच.

हा स्राव महिनाभर सारखा नसतो. एरवी तो घट्ट आणि चिकट असतो, शुक्राणूंना त्यातून वाट मिळत नाही. अंडाशयात बीज पिकू लागले की इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढते आणि स्राव पातळ, पारदर्शक होतो. दोन बोटांच्या चिमटीत धरून बोटे लांब केली, तर कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी त्याची तार निघते. या दिवसांत शुक्राणू त्यातून सहज पोहत जातात. काही जण पुढे गर्भाशयात निघून जातात, तर काही गर्भाशयमुखाच्या आतल्या बारीक घड्यांमध्ये थांबतात. तिथे आम्ल पोहोचत नाही. पुढचे दोन-चार दिवस तिथून थोडे थोडे शुक्राणू वर सरकत राहतात. म्हणजे पाच दिवसांची मुदत सरसकट नाही. बीज सुटण्याच्या आधीच्या, स्राव पातळ असलेल्या दिवसांपुरतीच ती खरी आहे. इतर दिवसांत तेच शुक्राणू दिवसभरही टिकत नाहीत.

वर पोहोचलेला शुक्राणूही लगेच फलन करू शकत नाही. १९५१ साली अमेरिकेत काम करणारे एम. सी. चांग आणि ऑस्ट्रेलियातले सी. आर. ऑस्टिन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे दाखवून दिले. शुक्राणूला मादीच्या जननमार्गात काही तास काढावे लागतात. त्या काळात त्याच्या बाहेरच्या आवरणात बदल होतात, शेपटीची हालचाल जोरकस होते आणि मग बीजाचे कवच भेदण्याची क्षमता त्याला येते. ही क्षमता फार वेळ टिकत नाही. पण सगळे शुक्राणू एकाच वेळी तयार होत नाहीत. आज काही, उद्या काही असे ते तयार होत जातात. त्यामुळे बीज केव्हाही आले तरी फलनक्षम शुक्राणू गर्भनलिकेत हजर असण्याची शक्यता वाढते.

आता बीजाकडे वळू. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक एकदम वाढते आणि त्यानंतर साधारण दीड दिवसाने अंडाशयातून बीज सुटते. गर्भनलिकेच्या टोकाची झालर ते उचलून आत घेते. नलिकेच्या रुंद भागात ते थांबते आणि फलन व्हायचे तर तिथेच होते. सुटते त्या वेळी बीज विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थबकलेले असते. त्याची गुणसूत्रे सूक्ष्म तंतूंच्या आधाराने एका रांगेत उभी असतात आणि शुक्राणू आत शिरल्यावरच राहिलेले विभाजन पुरे होते. शुक्राणू आला नाही तर काही तासांत तंतूंची रचना विस्कटू लागते, बाहेरचे कवचही कठीण होत जाते. टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत याचा अनुभव येतो. पहिल्या दिवशी फलन न झालेल्या बीजात दुसऱ्या दिवशी सुईने शुक्राणू सोडला, तर कधी फलन होतेही. पण त्यातून निरोगी गर्भ वाढण्याची शक्यता बरीच कमी असते.

बीज सुटल्यानंतर आणखी एक गोष्ट घडते. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि गर्भाशयमुखाचा स्राव पुन्हा घट्ट होतो. म्हणजे बीजाचे तास संपत असतानाच नव्या शुक्राणूंची वाटही बंद होते.

या दोन मुदती एकत्र केल्या की प्रत्यक्षात काय होते, हे अमेरिकेतल्या एका अभ्यासातून स्पष्ट झाले. नॉर्थ कॅरोलायनातल्या, मूल हवे असलेल्या २२१ स्त्रियांनी रोज सकाळी लघवीचा नमुना ठेवला आणि संबंध कोणत्या दिवशी आला याची नोंद केली. नमुन्यांतल्या संप्रेरकांवरून बीज कोणत्या दिवशी सुटले याचा अंदाज बांधण्यात आला. अॅलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या चक्रांत गर्भ राहिला, त्या सगळ्यांत संबंध एका सहा दिवसांच्या काळात आला होता: बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि बीज सुटण्याचा दिवस. पाच दिवस आधीच्या संबंधातून गर्भ राहण्याची शक्यता सुमारे १० टक्के, तर बीज सुटण्याच्या दिवशी सुमारे ३३ टक्के होती. दुसऱ्या दिवसापासून ती जवळपास शून्यच.

त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा शुक्राणूंच्या आयुष्याबद्दल नेमके सांगतो. तीन किंवा अधिक दिवस जुन्या शुक्राणूंमुळेच गर्भ राहिला असे खात्रीने म्हणता येतील अशा गर्भधारणा केवळ ६ टक्के होत्या. पाच दिवस ही शुक्राणूंची कमाल मजल आहे, सरासरी नव्हे. बहुतेक वेळा काम होते ते एक-दोन दिवसांच्या शुक्राणूंकडून.

मुलगा हवा असेल तर अमुक दिवशी संबंध ठेवा, असा सल्ला आपल्याकडे अजूनही दिला जातो. मुलगे आणि मुली ज्या चक्रांतून जन्मले, त्यांतल्या संबंधांच्या दिवसांत या अभ्यासात काहीच फरक आढळला नाही.

आता सुरुवातीचा प्रश्न घेऊ. समजा, एका स्त्रीची पाळी एरवी २८ दिवसांनी येते. या महिन्यात मात्र तिचे बीज बाराव्या दिवशी सुटले. संबंध आला होता आठव्या दिवशी. ‘चौदाव्याला अजून सहा दिवस आहेत’ अशी तिची समजूत. पण स्राव पातळ व्हायला लागला होता, शुक्राणू चार दिवस टिकले आणि बाराव्या दिवशी बीजाला भेटले. संबंधाचा दिवस आणि गर्भधारणेचा दिवस यांत चार दिवसांचे अंतर पडले. पाळी ३४ दिवसांनी येणाऱ्या स्त्रीचे बीज साधारण विसाव्या दिवशी सुटते. तिने चौदावा दिवस गाठला तर ती सहा दिवस लवकर पोहोचली.

चौदाव्या दिवसाचे गणित इथेच फसते. जपानचे क्युसाकू ओगिनो यांनी १९२४ साली मांडलेला सिद्धांत असा की बीज पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी सुटते. म्हणजे मोजणी पुढच्या पाळीपासून उलटी करायची. ती केव्हा येणार हे मात्र आल्यावरच कळते. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा तर एवढेही वैद्यकाच्या हाती नव्हते. सुरक्षित दिवसांबद्दलचे त्या काळचे सल्ले बरेचदा साफ उलटे असत. विलकॉक्स यांच्याच गटाने २००० साली दाखवले की फलनक्षम सहाही दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत पडतात अशा स्त्रिया जेमतेम ३० टक्के असतात. म्हणूनच कॅलेंडरवर विसंबणाऱ्या पद्धतीत सहा नव्हे, बारा दिवस टाळावे लागतात. आपल्याकडे मालाचक्र या नावाने आलेल्या मण्यांच्या माळेत आठव्या ते एकोणिसाव्या दिवसांपर्यंतचे मणी वेगळ्या रंगाचे असतात. पाळी २६ ते ३२ दिवसांच्या आत येत असेल तरच ही पद्धत वापरायची. काटेकोरपणे पाळली तरी वर्षात शंभरांतल्या सुमारे ५ स्त्रियांना आणि प्रत्यक्ष व्यवहारात सुमारे १२ जणींना दिवस जातात.

बीज कधी सुटणार हे ओळखण्याच्या खुणांपैकी तार निघणारा स्राव ही आगाऊ मिळणारी आणि फुकटची खूण. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या ओव्ह्युलेशन किटवर एलएच दिसले, तर बीज साधारण पुढच्या २४ ते ३६ तासांत सुटते. सकाळी उठताच घेतलेले तापमान वाढलेले दिसते ते बीज सुटल्यानंतर. त्या महिन्यापुरता त्याचा उपयोग संपलेला असतो.

मूल नको असताना असुरक्षित संबंध आला तर हाच हिशेब आपत्कालीन गोळीमागे असतो. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी बीज सुटणे पुढे ढकलते, म्हणजे ते येईपर्यंत शुक्राणूंची मुदत संपावी. एलएच वाढू लागले असेल तर गोळीचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून ती ७२ तासांच्या आत घेता येत असली, तरी जितकी लवकर घ्याल तितकी बरी. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी गोळीपेक्षा अधिक खात्रीची असते. गोळी घेऊन तीन आठवडे झाले तरी पाळी आली नाही, तर चाचणी करून घ्यावी.

ज्यांना मूल हवे आहे त्यांनी एकच दिवस धरून बसू नये. पाळी थांबल्यानंतर, विशेषतः स्राव पातळ होऊ लागल्यापासून, एक दिवसाआड संबंध ठेवले तर बीज केव्हाही सुटो, ताजे शुक्राणू वाटेवर असतात. बीज सुटल्याची खात्री करून मग सुरुवात करणे म्हणजे उशीर करणे. वर्षभर असे करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असून सहा महिने झाले, तर डॉक्टरांना गाठावे आणि पहिल्याच भेटीत वीर्याची तपासणीही करून घ्यावी.