द्राक्षाचे प्रीकूलिंग: वारा, मणी आणि पेटी यांचा हिशेब

निर्यातीच्या द्राक्षात काढणीनंतरचे पहिले काही तास महत्त्वाचे असतात. दुपारी पॅकहाउसमध्ये आलेल्या घडाच्या गराचे तापमान 30 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते लवकरात लवकर 4 अंशांखाली आणायचे असते. खोली शून्य अंशावर आहे, पंखे सुरू आहेत, तरीही एका पॅकहाउसमध्ये माल 7 तासांत थंड होतो आणि दुसऱ्यात 14 तास लागतात. हा फरक बहुतेक वेळा यंत्राच्या क्षमतेपेक्षा हवा मण्यापर्यंत कशी पोचते यावर अवलंबून असतो.

थंड होण्याचा नियम

आयझॅक न्यूटन यांनी 1701 मध्ये तापमानाच्या मोजमापावर एक लेख प्रसिद्ध केला. त्यात तापलेले लोखंड स्थिर हवेत न ठेवता एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यात ठेवल्याचा उल्लेख आहे. वाऱ्याचा हा तपशील पुढच्या चर्चेत कामाला येईल. आज हा नियम असा लिहितात:

q = h × A × (Ts − Ta)

येथे q म्हणजे दर सेकंदाला बाहेर जाणारी उष्णता (वॅट), A म्हणजे हवेला उघडे असलेले पृष्ठफळ (चौरस मीटर), Ts म्हणजे फळाच्या पृष्ठभागाचे आणि Ta म्हणजे त्याला भिडणाऱ्या हवेचे तापमान. उरला h, म्हणजे संवहन गुणांक. त्याचे एकक वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश सेल्सिअस आहे. पुस्तकात W/m²·K असे दिसले तरी आकडा तोच राहतो, कारण येथे तापमानातील फरक मोजायचा असतो आणि एक केल्विनचा फरक म्हणजे एक अंश सेल्सिअसचाच फरक.

पाण्याची घनता किंवा साखरेचा विशिष्ट उष्मा जसा पदार्थाचा गुण असतो, तसा h हा द्राक्षाचा गुण नाही. तो हवेचाही स्वतंत्र गुण नाही. मण्याला चिकटून हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. हवा उष्णतेची वाईट वाहक असल्याने हा थर गोधडीसारखे काम करतो. वारा वाढला की थर पातळ होतो आणि h वाढतो. स्थिर हवेत h साधारण 5 ते 10 असतो, पंख्याच्या वाऱ्यात 20 ते 100 किंवा त्याहून जास्त. वाहत्या पाण्यात तो काहीशे ते काही हजार होतो. म्हणूनच काही भाज्या थंड पाण्याने झटपट थंड करतात. द्राक्षाला हा मार्ग चालत नाही, कारण ओला घड पेटीत सडतो.

एका मण्याचे गणित

18 मिलिमीटर व्यासाचा मणी घेऊ. त्याचे वजन सुमारे 3.3 ग्रॅम आणि पृष्ठफळ सुमारे 0.001 चौरस मीटर. मणी 30 अंशांवर आणि हवा शून्यावर असेल, तर स्थिर हवेत (h = 10) त्यातून 0.3 वॅट उष्णता जाते. सेकंदाला 1 मीटर वेगाच्या वाऱ्यात h सुमारे 30 होतो आणि उष्णता 0.9 वॅट जाते. मणी 30 वरून 15 अंशांवर यायला पहिल्या स्थितीत 13 ते 14 मिनिटे, तर दुसऱ्यात 5 मिनिटांच्या आसपास लागतात.

वेग दुप्पट केला तर h दुप्पट होत नाही. तो 30 वरून 40 च्या आसपास जातो. मात्र त्याच मार्गाने दुप्पट हवा ढकलायला पंख्याला साधारण आठपट शक्ती लागते. त्यामुळे मोठा पंखा बसवणे हा पहिला उपाय धरू नये.

आकाराचाही परिणाम मोठा आहे. त्याच वाऱ्यात 8 सेंटिमीटरच्या आंब्याभोवतीचा थर जाड असतो आणि h सुमारे 13 एवढाच मिळतो. शिवाय आंब्यात वजनाच्या मानाने पृष्ठफळ कमी असते. दोन्ही गोष्टी धरल्या तर तो मण्याच्या जवळजवळ दहापट वेळ घेतो. त्यात कोयीजवळची उष्णता सालीपर्यंत यायला आणखी वेळ लागतो आणि तिथे पंखा काहीच करू शकत नाही. द्राक्षात ही अडचण किरकोळ आहे.

मग पेटीला तास का लागतात?

5 किलोच्या पेटीत असे सुमारे 1,500 मणी असतात. ती 30 वरून 15 अंशांवर यायला 2 तास लागत असतील, तर सरासरी फक्त 37 वॅट उष्णता बाहेर जाते. सगळे मणी शून्य अंशाच्या वाऱ्यात मोकळे असते, तर हा आकडा 1,000 वॅटच्या आसपास गेला असता. म्हणजे अडथळा मण्यात नाही. पाऊच, लायनर, एकमेकांना टेकलेले मणी यांमुळे A घटते, पेटीत वारा मंदावून h घटतो आणि आत शिरलेली हवा दोन-तीन घडांनंतरच गरम होते, म्हणजे Ta वाढतो. सूत्रातल्या तिन्ही गोष्टी एकदम बिघडतात.

म्हणून हवेची वाट आधी तपासावी. पेट्यांची छिद्रे समोरासमोर यावीत आणि हवा शिरणाऱ्या बाजूवर छिद्रांचे क्षेत्र सुमारे 5 टक्के असावे. लायनर प्रीकूलिंगच्या वेळी उघडा ठेवून नंतर दुमडावा. पॅलेटच्या खालची आणि दोन थप्प्यांमधली फट ताडपत्री किंवा फोमने बंद करावी, कारण हवा नेहमी सोप्या वाटेने पळते.

दोष कुठे आहे हे दोन थर्मामीटरने कळते. हवा ओढून घेणाऱ्या बोगद्यात पंख्याजवळची पेटी सर्वांत शेवटी थंड होते. त्या पेटीतल्या मण्यात टोकदार थर्मामीटर खुपसावा आणि पंख्याकडे परतणाऱ्या हवेचे तापमानही पाहावे. परतणारी हवा थंड, पण मणी अजून गरम असेल, तर हवा फटीतून निसटते आहे. परतणारी हवा मण्याइतकीच गरम असेल, तर एकूण हवाच कमी पडते आहे. अशा वेळी पॅलेट कमी लावावेत किंवा पंखा वाढवण्याचा विचार करावा.

वेळेचा अंदाज अर्ध्या फरकाच्या हिशेबाने करावा. हवा शून्यावर असताना मणी 30 वरून 15 वर यायला अडीच तास लागले, तर 15 वरून 7.5 वर यायला पुन्हा अडीच तास आणि 3.75 वर यायला आणखी अडीच तास लागतात. एकूण साडेसात. पहिल्या टप्प्यालाच 4 तास लागले, तर एकूण 12 तास धरावेत आणि तेव्हाच थांबून मांडणी सुधारावी. खोलीचा दरवाजा उघडा राहिला किंवा हवाच 3 अंशांवर गेली, तर हा हिशेब लागू होत नाही. मणी हवेच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही, त्यामुळे 4 अंश गाठणेच फार रेंगाळते.

जो वारा उष्णता नेतो तोच ओलावाही नेतो. त्यामुळे खोलीतील सापेक्ष आर्द्रता 90 ते 95 टक्के ठेवावी आणि गराचे तापमान गाठताच माल जोरदार वाऱ्यातून काढून शीतगृहात हलवावा. रात्रभर बोगद्यात विसरलेल्या पेट्यांमध्ये मणी चांगले दिसतात, पण देठ तपकिरी पडलेले असतात, आणि खरेदीदार आधी देठ पाहतो.