‘समाधान होईपर्यंत’ या दोन शब्दांची किंमत

करारातलं ते कलम जेमतेम तीन ओळींचं होतं. ‘डिझायनर ग्राहकाच्या उत्पादनांसाठी लोगो, पॅकेजिंग व संबंधित सर्व काम करून देईल. ग्राहकाचे समाधान होईपर्यंत आवश्यक ते बदल केले जातील. एकूण मानधन 60,000 रुपये. 50 टक्के आगाऊ, उर्वरित काम पूर्ण झाल्यावर.’ गोकुळपेठेत घरून काम करणाऱ्या एका ग्राफिक डिझायनरने हा मसुदा सही करण्याआधी माझ्याकडे वाचायला दिला. ग्राहक कळमेश्वरच्या बाजूचा छोटा उद्योजक होता. संत्रा बर्फी, संत्र्याचा मुरंबा आणि स्क्वॅश ही तीन उत्पादनं त्याला नव्या वेष्टनात दिवाळीच्या बाजारात आणायची होती. दोघांची भेट चांगली झाली होती आणि कुणाच्याही मनात खोट नव्हती.

तरीही या तीन ओळींत भांडणाची पूर्ण तयारी होती. उरलेले 30,000 रुपये ‘काम पूर्ण झाल्यावर’ मिळणार, काम ग्राहकाचं समाधान झाल्यावर पूर्ण होणार, आणि ‘संबंधित सर्व काम’ कुठे संपतं हे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे शेवटचा हप्ता ज्या घटनेवर टांगलेला आहे, ती घटना डिझायनरच्या हातात नाही आणि तिला तारीखही नाही. फ्रीलान्सरचे बहुतेक वाद मला याच जागी सापडतात. कामाची व्याप्ती, दुरुस्त्या आणि पैसे ही तीन वेगळी कलमं वाटतात, पण पहिलं सैल असेल तर दुसरं संपत नाही, आणि दुसरं संपलं नाही तर तिसरं सुरूच होत नाही. म्हणून दुरुस्ती पहिल्यापासून करावी लागते.

व्याप्ती लिहिताना मी डिझायनरला एकच विचारलं, ‘शेवटच्या दिवशी तुम्ही त्यांना नेमक्या कोणत्या फाइली पाठवणार?’ उत्तरातून यादी आली: एक लोगो, बर्फीच्या 250 ग्रॅमच्या खोक्याचं डिझाइन, मुरंब्याच्या बरणीचं लेबल आणि स्क्वॅशच्या बाटलीचं लेबल. चारही गोष्टी छापखान्याला देता येतील अशा पीडीएफमध्ये, शिवाय लोगोची मूळ फाइल. ‘पॅकेजिंग’ या शब्दाच्या जागी ही यादी बसली. तिच्याखाली दुसरी यादी आली, काय धरलेलं नाही याची: फोटो काढणं, सोशल मीडियाच्या पोस्ट, दुकानासमोरचा फलक, छपाईचा खर्च आणि छापखान्यात जाऊन देखरेख करणं. ही दुसरी यादी डिझायनरला आधी उद्धट वाटली. पण ग्राहक जे गृहीत धरून बसतो तेच तिच्यात लिहायचं असतं. सही करण्यापूर्वी त्याला ते वाचायला मिळालं, तर तो तेव्हाच म्हणेल, ‘ताई, फलक तर यातच येतो ना?’ हा प्रश्न ऑगस्टमध्ये आला तर त्याची किंमत ठरते. ऑक्टोबरमध्ये आला तर वाद होतो.

व्याप्तीतला तिसरा भाग बहुतेक मसुद्यांत नसतोच: ग्राहकाने काय द्यायचं. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर घटकपदार्थ, निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता, शाकाहाराचं चिन्ह, एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक असा बराच मजकूर कायद्याने लागतो. तो आणि खोक्याचा कापणी-घडीचा आराखडा, म्हणजे छापखान्याची डायलाइन, ग्राहकाकडून येतो. यातलं काही उशिरा आलं तर डिझायनर अडून बसते, आणि तारीख चुकल्याचा ठपका मात्र तिच्यावर येतो. म्हणून वाक्य घातलं: ‘वेष्टनावरचा अंतिम मजकूर व डायलाइन ग्राहक करारापासून 10 दिवसांत देईल. त्यास जितके दिवस उशीर होईल, तितके दिवस पुढील सर्व तारखा पुढे सरकतील. मजकुराच्या अचूकतेची जबाबदारी ग्राहकाची राहील.’

मग दुरुस्त्या. ‘समाधान होईपर्यंत’ काढून ‘दोन फेऱ्या’ लिहिलं की झालं, असं अनेकांना वाटतं. पण फेरी म्हणजे काय हे ठरलं नसेल तर हा आकडा काहीच अडवत नाही. सकाळी ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो की केशरी रंग थोडा गडद करा, दुपारी त्याचा भाऊ फोनवर सांगतो की अक्षरं मोठी करा, आणि संध्याकाळी वितरकाचं मत येतं की रंग आधीचाच बरा होता. ही एक फेरी की तीन? दोघंही आपापल्या बाजूने प्रामाणिकपणे मोजतात आणि दोघांचा आकडा वेगळा येतो. नवं कलम असं झालं: ‘दुरुस्तीची एक फेरी म्हणजे ग्राहकाने नेमलेल्या एका व्यक्तीने, एका डिझाइनबाबत, एकाच ई-मेलमध्ये एकत्रित पाठवलेल्या सूचना. प्रत्येक डिझाइनसाठी अशा दोन फेऱ्या मानधनात समाविष्ट आहेत.’ घरातल्या सगळ्यांची मतं गोळा करून त्यांतून एक ठरवण्याचं काम आता ग्राहकाकडे गेलं, आणि ते त्याचंच आहे.

पुढची सीमा दुरुस्ती आणि नवीन काम यांच्यामधली. इथे ‘मोठे बदल वेगळे आकारले जातील’ असं लिहून चालत नाही, कारण मोठा कशाला म्हणायचं यावरच भांडण होतं. त्याऐवजी ओळखीची खूण लागते. आम्ही लिहिलं की मंजूर केलेल्या संकल्पनेतले रंग, अक्षरं, मांडणी बदलणं ही दुरुस्ती. मंजुरीनंतर संकल्पनाच बदलणं, वेष्टनाचं माप किंवा आकार बदलणं, किंवा उत्पादन वाढवणं हे नवीन काम. मापाचा उल्लेख मुद्दाम केला. खोकं 250 ग्रॅमऐवजी 400 ग्रॅमचं करायचं ठरलं तर ऐकणाऱ्याला किरकोळ वाटतं, पण डायलाइन बदलते, घड्या सरकतात आणि सहाही बाजू पुन्हा मांडाव्या लागतात.

नवीन कामाला आणि जादा फेरीला दरही तिथेच लिहिले: जादा फेरीला 3,000 रुपये, नव्या लेबलला 12,000 रुपये. सोबत अट, की रक्कम आणि वाढीव दिवस ई-मेलवर मान्य झाल्याशिवाय जादा काम सुरू होणार नाही. दर आधी लिहिलेला नसला की प्रत्येक वाढीव मागणी डिझायनरच्या स्वभावाची परीक्षा होते. नाही म्हटलं तर ती अडेल ठरते, हो म्हटलं तर फुकट राबते. दर लिहिलेला असला की ग्राहक स्वतःच हिशेब करतो आणि बऱ्याचदा म्हणतो, राहू द्या, आहे तेच छान आहे.

आता पैसे. मूळ मसुद्यात शेवटचे 30,000 रुपये फाइली दिल्यानंतर यायचे होते. म्हणजे ग्राहकाच्या हाती सगळं गेल्यावर डिझायनरच्या हाती फक्त आठवण करून देणारा फोन उरला असता. नव्या मांडणीत तीन हप्ते झाले. सही झाल्यावर 24,000 रुपये, आणि ते जमा झाल्याशिवाय काम सुरू नाही. संकल्पना निवडल्यावर 18,000. शेवटचे 18,000 मात्र छपाईच्या फाइली हातात देण्यापूर्वी, अंतिम डिझाइन वॉटरमार्कसह दाखवून मंजूर झाल्यावर. असं केलं की कोणत्याही टप्प्यावर दोन्ही बाजूंची जोखीम साधारण एका हप्त्याएवढीच राहते.

यात एक भोक राहतं: ग्राहक काहीच बोलला नाही तर? निवड होत नाही, मंजुरी येत नाही, हप्ता अडकतो. म्हणून मौनालाही मुदत द्यावी लागते. ‘संकल्पना किंवा अंतिम डिझाइन ई-मेलने पाठवल्यापासून कामाच्या 7 दिवसांत लेखी हरकत न आल्यास, आणि त्यानंतर पाठवलेल्या स्मरणपत्रापासून आणखी 3 दिवसांत उत्तर न आल्यास, तो टप्पा मंजूर समजून हप्ता देय होईल.’ स्मरणपत्राची पायरी मी आग्रहाने ठेवतो, कारण तिच्यामुळे मेल पाहिलाच नाही म्हणायला जागा राहत नाही. मौनाला संमती मानण्याची ही पद्धत कायद्यालाही परकी नाही. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात, सेवा दिल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत नसेल तर सेवा स्वीकारली असं धरलं जातं.

त्याच कायद्याचा आणखी एक आधार आहे. सूक्ष्म किंवा लघू उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असलेल्या सेवा पुरवठादाराला ठरलेल्या तारखेला पैसे द्यावे लागतात, आणि करारात कितीही लिहिलं तरी ती मुदत स्वीकृतीपासून 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. वाद सुविधा परिषदेकडे नेता येतो. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, मग लवाद. नोंदणी मात्र करारावर सही करण्यापूर्वीच करून ठेवावी. नंतर केलेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या कामाला मिळतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. उशिराबद्दल मनाला येईल तो दंड लिहिण्यातही अर्थ नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते; प्रत्यक्षात वाजवी तेवढीच भरपाई मिळते.

शेवटी हक्कांचं एक वाक्य पैशाच्या कलमाला जोडलं: पूर्ण मानधन मिळाल्यावर डिझाइनचे कॉपीराइट ग्राहकाकडे हस्तांतरित होतील. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, म्हणून ‘कायमस्वरूपी’ असंही लिहिलं. या शब्दाचा फायदा ग्राहकाला आहे. कलमात त्याच्याही भल्याचं काही असलं की बाकीच्या अटी तो संशयाने वाचत नाही. त्याच कारणाने एक अट डिझायनरवरही घातली: तिच्याकडून 7 दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर शेवटच्या हप्त्यातून 5 टक्के, म्हणजे 900 रुपये कमी होतील.

मसुदा झाला की मी त्याच्यावर प्रसंग घालून पाहतो. मंजुरीनंतर ग्राहकाला चौथं उत्पादन आणायचं आहे. ग्राहक लग्नकार्यात तीन आठवडे गायब आहे. छापखाना म्हणतो, बाटलीचं माप बदललं. प्रत्येक प्रसंगात कलमावर बोट ठेवून सांगता यायला हवं की आता कोण काय करणार, किती दिवसांत आणि किती पैशांत. बाटलीच्या प्रसंगात मसुदा अडखळला: चुकीचं माप छापखान्याने दिलं असेल तर भरायचं कुणी? छापखाना ग्राहकाने नेमलेला, म्हणून ते ग्राहकाकडे, असं आणखी एक वाक्य वाढलं.

एवढं करूनही कराराच्या मर्यादा राहतात. 18,000 रुपयांसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढणं परवडत नाही, त्यामुळे खरं संरक्षण हप्त्यांच्या क्रमात आहे. मोठी कंपनी स्वतःचाच छापील करार पुढे करते. तिथे सगळं बदलून मिळत नाही, पण मौनाची मुदत आणि फेरीची व्याख्या मागता येते. आणि चार पानांचा करार छोटा उद्योजक वाचत नाही, तो नुसती सही करतो. म्हणून हे कलम एका पानात, मराठीत ठेवलं.

डिझायनरला मी शेवटचं सांगितलं ते असं. सही करण्याआधी ग्राहकाला कागद द्या, वाचू द्या, आणि मग तुम्ही समजावण्याऐवजी त्यांनाच विचारा: ‘दादा, तुमच्या मते दुसरा हप्ता कधी द्यायचा? बदल कुणी सांगायचे? खोक्याचं माप बदललं तर काय?’ त्यांचं उत्तर तुमच्या मनातल्या उत्तराशी जुळलं नाही, तर पेन खाली ठेवा आणि ते वाक्य दोघांनी मिळून पुन्हा लिहा.