हरवलेल्या चेकबुकातली कोरी पानं

चेकबुक हरवलं की बरेच जण बँकेला एका ओळीचं पत्र देतात: 'माझे चेकबुक हरवले आहे, कृपया पेमेंट थांबवावे.' एवढ्यावर काम भागत नाही. बँकेच्या संगणकात स्टॉप लागतो तो चेकच्या क्रमांकावर, म्हणून पत्रात नेमके क्रमांक हवेत.

चेकच्या तळाशी डावीकडे छापलेला सहा आकडी क्रमांक तो हाच. पण दिलेल्या चेकची नोंद आपण ठेवतो ती चेकबुकातच, आणि तीही हरवलेली असते. अशा वेळी पासबुक उघडावं. समजा, पंचवीस पानांचं चेकबुक 451201 ते 451225 असं होतं. पासबुकात 451201 ते 451206 आणि 451208 वटलेले दिसतात. 451207 सोसायटीला दिलाय आणि 451209 सुताराला. दोन्ही अजून बँकेत आलेले नाहीत. म्हणजे कोरी पानं 451210 ते 451225, एकूण सोळा. सरसकट सगळं चेकबुक थांबवलं, तर सुताराचा चेकही परत येईल आणि त्याचे हक्काचे पैसे अडकतील. चेकबुक कोणत्या क्रमांकांचं होतं हेच आठवत नसेल, तर शाखेत विचारावं. त्यांच्याकडे नोंद असते.

पत्र असं लिहावं:

'मा. शाखाधिकारी, माझ्या बचत खाते क्र. … चे चेकबुक दि. … रोजी हरवले आहे. त्यातील 451210 ते 451225 हे सोळा चेक कोरे असून त्यांवर माझी सही नाही. त्यांचे पेमेंट थांबवावे. 451207 व 451209 हे चेक मी दिलेले आहेत. ते नेहमीप्रमाणे वटवावेत. नवीन चेकबुक द्यावे.'

खाली तारीख आणि बँकेत नोंदलेली आहे तशीच सही.

'सही नाही' हे शब्द खरे असतील तरच लिहा. कोऱ्या पानावर आधीच सही करून ठेवायची सवय अनेकांना असते, आणि खरा धोका तिथेच आहे. खोटी सही बँकेने पडताळताना पकडणं अपेक्षित असतं. खरी सही असलेला चेक मात्र तिथे सहज पार होतो. असं पान गेलं असेल तर त्याचा क्रमांक पत्रात वेगळा लिहावा आणि पोलिसांतही तक्रार द्यावी.

स्टॉप लागण्याआधी वटलेला चेक पत्राने परत फिरत नाही. म्हणून चेकबुक रात्री हरवल्याचं कळलं तर सकाळची वाट न पाहता बँकेच्या ॲपवरून किंवा फोनवरून स्टॉप लावावा आणि दुसऱ्या दिवशी पत्र द्यावं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ अशी पोच घ्यावी. पुढे वाद झालाच, तर चेक आधी वटला की पत्र आधी पोचलं, हे त्या वेळेवरूनच ठरवता येतं.

काही दिवसांनी चेकबुक कपाटामागे सापडलं तरी ती पानं वापरू नयेत. स्टॉप आपोआप उठत नाही. तो काढायला बँकेला पुन्हा कळवावं लागतं.