महिना सरकतो, भाव बदलतो

रमजान आला की भाजी महागते, असे बोईसरच्या बाजारात दरवर्षी ऐकू येते. विकणारा म्हणतो, मागून माल कमी येतोय. घेणारा म्हणतो, गरज पाहून भाव चढवला. दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य असते. पण खरे उत्तर हवे तर रमजान त्या वर्षी कोणत्या ऋतूत आला हे आधी पाहावे लागते.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो. 2018 मध्ये तो मेच्या मध्यावर सुरू झाला होता, 2022 मध्ये एप्रिलच्या आरंभी, 2024 मध्ये मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि 2026 मध्ये फेब्रुवारीत. रोजेदाराच्या घरची गरज मात्र जवळपास तीच राहते. सरबताला लिंबू, भजी आणि चटणीला मिरची, कोथिंबीर, पुदिना, ताटात काकडी. म्हणजे मागणी तीच, पण तिच्यासमोर उभा राहणारा पुरवठा दरवर्षी वेगळा. भाव कशाने ठरतो हे समजून घ्यायला याहून सोपा धडा नाही.

लिंबाचेच पाहू. महाराष्ट्रात लिंबाचे तीन बहार धरले जातात. मृग बहाराची फळे हिवाळ्यात येतात, आंबे बहाराची पावसाळ्याच्या तोंडाशी आणि हस्त बहाराची ऐन उन्हाळ्यात. उन्हाळ्यात सगळ्यांनाच लिंबू हवे असते, म्हणून हस्त बहाराला भाव चांगला मिळतो. पण तो धरणे सर्वांत अवघड. झाडाला फुलोरा यावा म्हणून आधी काही आठवडे पाणी तोडून ताण द्यावा लागतो, आणि हस्त बहारासाठी हा ताण नेमका पावसाळ्याच्या शेवटी द्यायचा असतो. पाऊस लांबला की ताण बसत नाही, फुले येत नाहीत आणि पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये बाजार रिकामा राहतो.

2021 मध्ये असेच झाले. पाऊस लांबला आणि हस्त बहार हुकला. त्यानंतरचा मार्च 2022 हा देशातील कमाल तापमानाच्या नोंदींत 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, त्यामुळे पुढच्या बहाराच्या कोवळ्या फळांनाही झळ बसली. अशा वेळी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रमजान सुरू झाला. उन्हाची मागणी आणि इफ्तारची मागणी एकत्र आली. अनेक शहरांत किरकोळ लिंबू किलोला दोनशे रुपयांच्या वर गेले. दोष रमजानला देणे सोपे होते. पण तो नसता तरी लिंबू महागच राहिले असते, कारण झाडावर फळच नव्हते.

हीच इफ्तारची मागणी फेब्रुवारीत आली की चित्र पालटते. तेव्हा ऊन कडक नसते, रसवाले आणि सरबतवाले अजून गाड्या काढत नाहीत. लिंबाला थोडी तेजी येते, पण ती भडका घेत नाही.

एकट्या मागणीने भाव थोडा हलतो. मागणी वाढताना पुरवठाही आटलेला असेल, तरच तो उडी मारतो. त्यातही लिंबाची गोष्ट निराळी. फ्लॉवर महागला तर गृहिणी कोबी घेते. लिंबाला तसा पर्याय नाही आणि लागतात तर दोन-तीनच. म्हणून भाव दुप्पट झाला तरी खरेदी निम्मी होत नाही. ज्या वस्तूशिवाय अडते, तिचा भाव थोड्या तुटवड्यानेही फार चढतो.

मिरचीची गोष्ट घराजवळची आहे. डहाणू तालुक्यातील वाणगावचा पट्टा हिरव्या मिरचीसाठी प्रसिद्ध. पावसाळा संपल्यावर लागवड होते आणि हिवाळ्यापासून तोडे सुरू होतात. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये बोईसर-पालघरला ताजी मिरची हाताशी असते. मे उजाडला की उष्णतेने फुले गळतात, चुरडा-मुरडाने पाने आकसतात आणि तोडे कमी होतात. पण शेत जवळ आहे म्हणून मिरची स्वस्त मिळेलच असे नाही. ही मिरची गुजरात-दिल्लीकडेही जाते. तिकडच्या व्यापाऱ्याने भाव वाढवून दिला, तर शेतकरी शेजारच्या बाजारासाठी तो कमी करणार नाही. शेताजवळच्या ग्राहकाचा फायदा होतो तो वाहतुकीच्या खर्चापुरता आणि ताजेपणाचा.

कोथिंबिरीचे गणित सर्वांत चंचल. ती पेरल्यापासून साधारण चाळीस दिवसांत काढणीला येते आणि काढल्यावर दोन दिवसही नीट टिकत नाही. समजण्यापुरता एक हिशेब करू. विक्रेत्याने पहाटे आठ रुपयांनी शंभर जुड्या घेतल्या आणि आणण्याला शंभर रुपये लागले. एकूण नऊशे. त्यातल्या दहा जुड्या सुकून गेल्या, तर उरलेल्या नव्वद जुड्यांची प्रत्येकी दहा रुपये ही नुसती मुद्दल झाली. पावसाने आवक घटली आणि तीच जुडी वीस रुपयांना घ्यावी लागली, तर खर्च एकवीसशेवर जातो. सडणेही वाढून वीस जुड्यांवर गेले, तर मुद्दलच सव्वीस रुपयांच्या पुढे. घाऊक भाव बारा रुपयांनी वाढला, किरकोळ मुद्दल सोळांनी. हा फरक नफेखोरीचा नाही, सडलेल्या जुड्यांचा आहे. त्यावर विक्रेता स्वतःची मजुरी धरतो ती वेगळी.

भाव चढला की अनेक शेतकरी एकदमच कोथिंबीर पेरतात. चाळीस दिवसांनी सगळ्यांची जुडी एकाच आठवड्यात बाजारात येते आणि भाव इतका कोसळतो की काढणीची मजुरीही निघत नाही. लिंबाचे झाड असे घाईने उत्तर देत नाही. तिथे पुढच्या बहाराची वाट पाहावी लागते. म्हणून कोथिंबिरीची महागाई लवकर ओसरते, लिंबाची महिनोन्‌महिने राहू शकते.

ऋतूचे हे चक्र रमजानच्या एका संध्याकाळीही दिसते. अस्रच्या नमाजनंतर गर्दी उसळते, सगळ्यांना मगरीबच्या अजानआधी घर गाठायचे असते, घासाघीस करायला कुणालाच वेळ नसतो. अजान झाली की तोच रस्ता ओस पडतो. उरलेला पुदिना उद्या काळा पडणार हे विक्रेत्याला ठाऊक असते, म्हणून तो दोन जुड्या एकीच्या भावात देतो. माल तोच, माणूस तोच. बदलली ती फक्त मागणी.

मग महागाई खरी की लादलेली, हे ओळखायचे कसे? शेजारच्या दोन बाजारांत एकाच दिवशी विचारावे. बोईसर आणि पालघर दोन्हीकडे लिंबू चढले असेल, तर कारण बहुधा मागच्या आवकेत आहे. एकाच गल्लीत चढले असेल, तर कारण त्या गल्लीत आहे. मालाकडेही पाहावे. टोपलीत लहान, कच्ची, हिरवी लिंबे जास्त दिसू लागली, तर शेतकरी चढ्या भावाच्या ओढीने वेळेआधी तोडतो आहे. तुटवडा खरा आहे. टोपल्या रसरशीत पिवळ्या फळांनी भरलेल्या असूनही भाव चढा असेल, तर अस्रऐवजी सकाळीच बाजार करावा. गर्दीचा भाव गर्दीबाहेर सहसा टिकत नाही.

2030 मध्ये रमजान जानेवारीत येईल आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. तेव्हा बाजारात हिवाळ्याची भरघोस भाजी असेल, मिरचीचे तोडे चालू असतील आणि सरबताची तहानही कमी असेल. पुढे तो आणखी मागे सरकत पावसाळ्याच्या दिवसांत शिरेल, तेव्हा लिंबाऐवजी भिजलेली कोथिंबीर चटका देईल.