जिम्नी लांबली तेव्हा काय बदलले?

मारुती सुझुकीने जून २०२३मध्ये पाच दारांची जिम्नी भारतात विक्रीला आणली. तिची तीन दारांची बहीण परदेशात आधीपासून धावत होती. दोघींचे माहितीपत्रक शेजारी ठेवले, तर गाडी घेताना ज्या तीन आकड्यांवरून आपली नजर नुसती फिरते, त्यांचे एकमेकांशी असलेले नाते स्पष्ट दिसते.

दोघींचा ग्राउंड क्लिअरन्स सारखाच, २१० मिलिमीटर. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर, मात्र धाकटीचा २२५० आणि थोरलीचा २५९० मिलिमीटर. लांबी ३४० मिलिमीटरने वाढली ती पूर्णपणे दोन चाकांच्या मधे. तिथेच मागची दारे बसली, मागच्या प्रवाशांना पाय सोडून बसता येऊ लागले आणि सामानालाही जागा झाली.

या जागेची किंमत वळणावर मोजावी लागते. धाकटीची टर्निंग रेडियस ४.९ मीटर, थोरलीची ५.७. स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवले की पुढची चाके ठरावीक कोनापर्यंतच वळतात. तो कोन तोच राहिला आणि व्हीलबेस वाढला, तर वळणाचे वर्तुळही जवळपास त्याच प्रमाणात मोठे होते. इथे दोन्ही वाढी साधारण १५-१६ टक्क्यांच्या आहेत.

रेडियस म्हणजे त्रिज्या. यू-टर्नला लागणारी रुंदी तिच्या दुप्पट. धाकटीला ९.८ मीटर लागतात, थोरलीला ११.४. साडेतीन मीटरची एक, अशा तीन लेनचा साडेदहा मीटर रुंद रस्ता धरला, तर धाकटी एका दमात वळेल आणि थोरलीला एकदा रिव्हर्स घ्यावा लागेल. शिवाय हा आकडा बहुधा बाहेरच्या पुढच्या चाकाच्या वाटेचा असतो. बंपरचा कोपरा त्याही बाहेरून फिरतो, त्यामुळे कडेला भिंत असेल तर आणखी जागा हवी. काही कंपन्या त्रिज्येऐवजी पूर्ण वर्तुळाचा व्यास छापतात. आकडा दहाच्या आसपास दिसला, तर तो बहुतेक व्यासच असतो.

व्हीलबेस लांब म्हणजे वळण मोठेच, असेही नाही. लंडनच्या टीएक्स टॅक्सीचा व्हीलबेस २९८५ मिलिमीटर आहे, जिम्नीपेक्षा कितीतरी जास्त. तरीही ती ८.४५ मीटर व्यासात वळते, कारण तिची पुढची चाके मुद्दाम खूप जास्त कोनात वळतील अशी बनवली आहेत.

आता गाडीच्या पोटाकडे वळू. ग्राउंड क्लिअरन्स सारखा असूनही दोन्ही जिम्नी उंचवट्यावर सारख्या वागत नाहीत. पोट न टेकता किती तीव्र कंगोरा ओलांडता येतो, हे सांगणारा कोन धाकटीचा २८ अंश आहे, थोरलीचा २४. चाके एकमेकांपासून लांब गेली की मधला भाग कंगोऱ्याच्या जास्त जवळ येतो. तळघरातल्या पार्किंगचा उतार जिथे सुरू होतो, तिथे लांब गाड्या घासतात त्या याचमुळे.

गतिरोधकाचे गणित वेगळे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. २४५० मिलिमीटर व्हीलबेसची स्विफ्ट त्यावर आली की तिची चारही चाके एकाच वेळी त्याच्यावर मावतात. मग चाकांच्या मधे वर येणारा फुगवटा जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा उरतो. १६३ मिलिमीटर क्लिअरन्सच्या गाडीला तो सहज पार होतो.

गल्लीतला अरुंद, पंधरा सेंटिमीटर उंचीचा उंचवटा मात्र दोन चाकांच्या मधे पूर्ण मावतो. तिथे पूर्ण उंची क्लिअरन्समधून वजा होते आणि स्विफ्टपाशी १३ मिलिमीटर उरतात. तो १६३चा आकडा रिकाम्या गाडीचा असेल, तर पाच माणसे आणि बॅगा भरल्यावर स्प्रिंग दबून एवढे अंतर सहज संपते. म्हणून शोरूममध्ये हा आकडा भरलेल्या गाडीचा की रिकाम्या, हे विचारून घ्यावे. दोन कंपन्यांची तुलना करताना तर हे विचारल्याशिवाय आकड्यांना अर्थच नाही.

अशा उंचवट्यावर गाडी तिरकी घेतली, तर एका वेळी एकच चाक वर चढते आणि पोटाला थोडी अधिक जागा मिळते. माथ्यावर ब्रेक दाबला, तर नाक खाली झुकून होती ती जागाही कमी होते. ब्रेक उंचवट्याच्या आधीच मारावा आणि चाके वर चढताना सोडून द्यावा.